ई-गेटचा निकाल पासपोर्टच्या काउंटरवर लागतो

गेल्या वर्षी आईचा पासपोर्ट नव्याने करायला तिला घेऊन पासपोर्ट केंद्रात गेले होते. टोकन, कागदपत्रं, बोटांचे ठसे, सगळं भराभर झालं. फोटोच्या वेळी काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काकू, चष्मा काढा, समोर बघा," आणि पुढच्या क्षणी फोटो निघालाही. तिने स्क्रीन आमच्याकडे वळवली. शेजारच्या भिंतीवरच्या ट्यूबलाइटमुळे आईच्या कपाळाची आणि गालाची उजवी बाजू पांढरीफटक पडली होती. त्या बाजूची भुवई कुठे संपते तेच कळत नव्हतं. मान जराशी डावीकडे कललेली. मी म्हटलं, "पुन्हा काढाल का?" ती म्हणाली, "मॅडम, सिस्टीमने घेतलाय. ओळखू येतंय की." मागे रांग होती. आई मला म्हणाली, "अगं राहू दे, लोक खोळंबलेत."

मी हट्ट सोडला नाही. खुर्ची वीतभर पुढे ओढली, आईला हनुवटी सरळ ठेवायला सांगितलं, दुसरा फोटो निघाला. एक मिनिट गेलं असेल. चेहरा जुळवणाऱ्या प्रणालींच्या चाचणीचं काम मी बरीच वर्षं केलं आहे, त्यामुळे पुढच्या दहा वर्षांत तो पहिला फोटो आईला कुठे कुठे आडवा आला असता ते मला दिसत होतं.

ई-गेट म्हणजे विमानतळावर पासपोर्ट आणि चेहरा जुळवून आपोआप उघडणारं दार. त्याच्याबद्दल वाद होतात ते सहसा यंत्राच्या हुशारीवर. यंत्र माणसापेक्षा अचूक आहे की नाही, त्याला फसवता येतं की नाही, वगैरे. माझं म्हणणं असं आहे की आपण चुकीच्या जागी बघतोय. गेटवर काय होणार हे बव्हंशी पासपोर्ट काढताना घेतलेल्या फोटोवर ठरतं, आणि आपल्या देशात ते फोटो चिपमध्ये भरायचं काम नेमकं आत्ता चाललं आहे. भारताचा पहिला ई-पासपोर्ट, म्हणजे चिप असलेला पासपोर्ट, जून 2008 मध्ये तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांना दिला गेला, पण तो राजनैतिक पासपोर्ट होता. सामान्य नागरिकांसाठीचा चाचणी टप्पा 1 एप्रिल 2024 ला सुरू झाला. सुरुवातीच्या कार्यालयांत नागपूर होतं, गोवाही होतं. आता नव्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर खाली सोनेरी रंगाची छोटी खूण दिसते, म्हणजे आत चिप आहे. या पुस्तिका आपल्या नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापल्या जातात. मोठ्या माणसाचा पासपोर्ट 10 वर्षं चालतो. 2025 मध्ये घेतलेला वाईट फोटो 2035 पर्यंत चिपमध्ये राहणार, त्यात नंतर काही बदल करता येत नाही.

गेटसमोर उभं राहिल्यावर काय घडतं ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

फोटोचं पान काचेवर ठेवलं की यंत्र आधी पानाच्या तळाशी असलेल्या दोन ओळी वाचतं. आपल्या पासपोर्टवर त्यातली पहिली ओळ `P<IND` अशी सुरू होते. दुसऱ्या ओळीतला पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत संपण्याची तारीख या तीन गोष्टींपासून एक किल्ली तयार होते आणि त्या किल्लीने चिप उघडते. पासपोर्ट पर्समध्ये बंद असताना शेजारून जाणाऱ्याने चिप वाचू नये यासाठी ही सोय आहे. पान डोळ्यांसमोर असेल तरच किल्ली बनते. चिपमध्ये त्या ओळींतली माहिती पुन्हा एकदा असते, फोटो असतो आणि देणाऱ्या सरकारची डिजिटल सही असते. फोटोच्या फाइलवरून गणिताने एक छोटा ठसा काढलेला असतो. फाइलमधला एक ठिपका जरी बदलला तरी ठसा पार वेगळा येतो. सही या ठशांवर असते, म्हणून चिपमधला फोटो काढून दुसऱ्याचा घातला तर गेटला लगेच समजतं.

मग कॅमेरा. तो तुमच्या उंचीप्रमाणे वर-खाली होतो किंवा वेगवेगळ्या उंचीवर दोन-तीन कॅमेरे बसवलेले असतात. तुम्ही पाऊलखुणांवर उभे राहता, तो भराभर अनेक चित्रं घेतो आणि त्यातलं बरं निवडतो. दोन्ही डोळे शोधून चेहरा सरळ करतो. समोर खरा माणूस आहे, की कागद किंवा मोबाइलवरचं चित्र धरलंय, हेही त्याने तपासायचं असतं. त्यानंतर चेहऱ्याचं रूपांतर काही शे आकड्यांच्या एका यादीत होतं. चिपमधल्या फोटोचीही तशीच यादी बनते. दोन याद्या किती जवळ आहेत त्याचे गुण निघतात. गुण कटऑफच्या वर गेले की दार उघडतं. अकरावीच्या प्रवेशासारखंच आहे हे. एका गुणाने वर असलात तरी आत, एका गुणाने खाली असलात तरी बाहेर.

दोन दारं असलेल्या गेटवर कशामुळे अडलो हे आपल्यालाही ओळखता येतं. पहिलंच दार उघडलं नाही तर भानगड चिपची किंवा पान ठेवण्याची असते. आत घेतलं, पण दुसरं दार उघडत नसेल तर बहुधा चेहऱ्याचे गुण कमी पडलेत.

"ही बाई कोण" असा प्रश्न गेट जुळवणी करताना कोणालाच विचारत नाही. "समोरचा चेहरा या फोटोसारखा आहे का" एवढंच विचारतं. लाखो चेहऱ्यांच्या साठ्यात माणूस शोधणं हे काम निराळं, त्यातले धोके निराळे. एकास एक जुळवणीसाठी कुठलाही मध्यवर्ती साठा लागत नाही. फोटो तुमच्याच खिशातून आलेला असतो, आणि काम झाल्यावर तो पुसूनही टाकता येतो. म्हणून चेहरा वापरायचाच असेल तर मला ही पद्धत सर्वांत सभ्य वाटते. पण या सभ्यपणाची एक किंमत आहे. गेटचं सगळं शहाणपण त्या एका फोटोवर विसंबून असतं.

तो फोटो केवढा असतो? साधारण 15 ते 20 किलोबाइट. व्हॉट्सॲपवर आलेलं सुप्रभाताचं चित्रसुद्धा याच्यापेक्षा मोठं असतं. चिप बिनतारी वाचायची, गेटसमोर माणूस उभा, म्हणून फाइल लहान ठेवावी लागते. पासपोर्टचे जागतिक निकष आयकाओ ही संस्था ठरवते. फोटोत दोन डोळ्यांमध्ये किमान 90 ठिपक्यांचं अंतर असावं अशी त्यांची अपेक्षा. जुळवणीला एवढं पुरतं, पण त्यात उधळपट्टीला जागा नाही. प्रकाशाने धुऊन गेलेली भुवई, चष्म्याच्या काचेवरची चमक, कललेली मान, डोळ्यांखाली पडलेली गडद सावली, यातलं काहीही नंतर भरून काढता येत नाही. जे टिपलंच गेलं नाही ते यंत्र आणणार कुठून? शिवाय वय पुढे जात असतं. फोटो आणि माणूस यांच्यामध्ये जितकी वर्षं, तितके गुण हळूहळू उतरत जातात. चांगल्या फोटोला सुरुवातीलाच भरपूर गुण मिळतात, त्यामुळे दहा वर्षांची घसरण त्याला सोसते. वाईट फोटो पहिल्या दिवशीच कटऑफला घासत असतो, आणि सहाव्या-सातव्या वर्षी माणूस दारात अडकतो.

आता कटऑफ कुठे ठेवायचा हे बघू. कारण इथे यंत्राचा प्रश्न संपतो आणि धोरणाचा सुरू होतो.

युरोपीय संघाच्या फ्रॉन्टेक्स या सीमा संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये एक जोडी दिलेली आहे. तोतयाला चुकून आत घेण्याचं प्रमाण हजारात 1 इतकं खाली असावं, आणि त्या कटऑफला खऱ्या माणसाला चुकून अडवण्याचं प्रमाण शंभरात 5 च्या पुढे जाऊ नये. हे आकडे ऐकायला चोख वाटतात. ते एका दिवसावर बसवून बघू.

समजा एखाद्या विमानतळावर दिवसाला 10,000 प्रवासी ई-गेट वापरतात आणि त्यात एक जण दुसऱ्याचा पासपोर्ट घेऊन आला आहे. शंभरात 5 या हिशेबाने 500 खरे प्रवासी अडतील. तोतयाही अडेल असं धरू. म्हणजे बाजूच्या टेबलावर बसलेल्या अधिकाऱ्याकडे दिवसभरात 501 माणसं येतील आणि त्यातली 500 निर्दोष असतील. दिवस 16 तासांचा धरला तर दर दोन मिनिटांनी एक माणूस. पहिल्या शंभर जणांना त्याने नीट न्याहाळलं असेल, फोटो आणि चेहरा पुन्हा पुन्हा पाहिला असेल. दोनशेव्या माणसापर्यंत त्याच्या मनात पक्कं बसलेलं असतं की यंत्र उगाच अडवतंय. अडीचशेवा माणूस तोतया असेल तर त्यालाही तो त्याच सवयीने जाऊ देईल. यंत्राने आपलं काम चोख केलं, तरी तोतया आत गेला.

यावर लोक म्हणतात, अधिकारी प्रशिक्षित असतात, त्यांची नजर तयार असते. दुर्दैवाने तसं दिसत नाही. ऑस्ट्रेलियात पासपोर्ट अधिकाऱ्यांवर एक अभ्यास झाला आणि तो 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. समोर उभ्या असलेल्या माणसाशी फोटो जुळवायचा, एवढीच परीक्षा. दुसऱ्याचा फोटो दाखवलेला असताना सुमारे 14 टक्के वेळा अधिकाऱ्यांनी तो "जुळतो" म्हणून स्वीकारला, आणि खऱ्या फोटोलाही सुमारे 6 टक्के वेळा नाकारलं. नोकरीत किती वर्षं काढली यावर अचूकता अवलंबून नव्हती. काही जण उपजतच फार तरबेज निघाले, काही अगदीच कच्चे. अनोळखी चेहरा जुळवणं ही आपल्याला वाटते तितकी सोपी गोष्ट नाही. आईला आपण दहा वर्षांपूर्वीच्या धूसर फोटोतही ओळखतो, आणि त्यामुळे आपल्याला वाटतं की कुणालाही ओळखू. "ओळखू येतंय की" हे काउंटरवरचं वाक्य याच गैरसमजातून येतं.

मग 500 चा आकडा खाली आणायचा कसा? एक वाट म्हणजे कटऑफ उतरवायचा. दारं भराभर उघडतील, रांगा आटोपतील, बातमीत फोटोही छान येतील. पण तोतयालाही तेवढीच सवलत मिळेल. आणि तोतया काही डोळे मिटून कुणाचाही पासपोर्ट उचलत नाही. हजारात 1 हा आकडा कुणाचाही चेहरा कुणाशीही लावून पाहिल्यावर मिळतो. गुन्हेगार आपल्यासारखा दिसणारा माणूस शोधतो, भाऊ शोधतो, चुलतभाऊ शोधतो. जुळ्यांपुढे तर आजची बहुतेक सगळी यंत्रं हात टेकतात. कटऑफ उतरवणं म्हणजे नेमक्या अशा लोकांना दार सैल करून देणं.

दुसरी वाट फोटोची. चांगल्या फोटोंवर आजची यंत्रं शंभरात 5 पेक्षा कितीतरी सरस काम करतात, आणि अडलेल्यांमध्ये खराब फोटोवाल्यांचा वाटा मोठा असतो. समजा फोटोंचा दर्जा सुधारून अडणारे 500 चे 100 झाले. अधिकाऱ्यासमोर आता दर दहा मिनिटांनी एक माणूस येईल. त्याला बसवून दोन प्रश्न विचारायला, पासपोर्ट उलटसुलट बघायला, गरज पडली तर बोटांचे ठसे घ्यायला वेळ आहे. आणि अडवलेला माणूस ही पुन्हा दखल घेण्याजोगी गोष्ट झाली. कटऑफ जिथल्या तिथे. खऱ्याची सोयही वाढली आणि खोट्याची अडचणही. एका बाजूचं काढून दुसरीकडे न टाकता दोन्ही पारडी एकाच वेळी सुधारणारा दुसरा उपाय मला तरी ठाऊक नाही, आणि तो आहे कुठे, तर पासपोर्ट केंद्रातल्या कॅमेऱ्यासमोरच्या खुर्चीत.

फोटोचा आणखी एक प्रश्न आहे, आणि तो दर्जाचा नाही, खरेपणाचा आहे. इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठातल्या मात्तेओ फेरारा, अन्नालिसा फ्रांको आणि दाविदे माल्तोनी या तीन संशोधकांनी 2014 मध्ये दाखवून दिलं की दोन माणसांच्या चेहऱ्यांचं मिश्रण करून एक फोटो बनवला तर गेट दोघांनाही पास करू शकतं. कृती अवघड नाही. दोन्ही फोटोंमध्ये डोळे, नाक, ओठांचे कोपरे, हनुवटी अशा खुणा ठरवायच्या, त्यांच्या मधोमध नव्या खुणा घ्यायच्या आणि दोन्ही चित्रं त्या साच्यात ओढून एकमेकांत मिसळायची. आता ज्याच्यावर काही गुन्हा नाही असा माणूस हा फोटो घेऊन पासपोर्टचा अर्ज करतो. खिडकीतल्या कारकुनाला फोटो त्याच्यासारखाच वाटतो. पासपोर्ट मिळतो, आणि तो अगदी अस्सल असतो. कागद अस्सल, चिप अस्सल, सही अस्सल. मग तोच पासपोर्ट घेऊन फरार साथीदार विमानात बसतो.

डिजिटल सहीबद्दलचा गैरसमज इथे उघडा पडतो. हा फोटो सरकारने भरला आणि त्यानंतर कुणी बदलला नाही, एवढीच सहीची हमी आहे. फोटो भरण्याआधी तो खरा होता का, यावर सही काहीही बोलत नाही. आणि यंत्र जितकं उदार होत जातं, म्हणजे वय, दाढी, बारीक होणं, जाड होणं हे सगळं ओलांडून माणसाला ओळखायला शिकतं, तितकं ते मिश्र फोटोलाही जास्त सहज पास करतं. यंत्र आणखी हुशार करून हे भोक बुजत नाही.

हे प्रयोगशाळेतच राहिलं असतं तर वेगळी गोष्ट. 2018 मध्ये जर्मनीत पेंग नावाच्या कार्यकर्त्यांच्या गटाने आपल्यातल्या एकीचा चेहरा युरोपीय संघाच्या तेव्हाच्या परराष्ट्र धोरणप्रमुख फेदेरिका मोगेरिनी यांच्या चेहऱ्यात मिसळला, अर्ज भरला आणि सरकारकडून खराखुरा पासपोर्ट मिळवून दाखवला. तिथे फोटो अर्जदाराने स्वतः कागदावर छापून न्यायचा असे. पुढे जर्मनीने कायदा बदलला. 1 मे 2025 पासून छापील फोटो बंद झाले. फोटो एक तर कार्यालयातच काढायचा, नाहीतर मान्यताप्राप्त फोटोग्राफरने सुरक्षित मार्गाने थेट कार्यालयाकडे पाठवायचा. म्हणजे भोक बुजवायला जर्मनीला गेटपाशी जावं लागलं नाही. काउंटरवर जावं लागलं.

इथे आपल्याकडची एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. आपल्या पासपोर्ट सेवा केंद्रांत मोठ्या माणसाचा फोटो काउंटरवरच, कर्मचाऱ्यासमोर, थेट कॅमेऱ्याने घेतात. जर्मनीने 2025 मध्ये जे केलं ते आपण पासपोर्ट सेवा केंद्रं सुरू झाली तेव्हापासून करत आलो आहोत. मिश्र फोटोचं दार देशात बरंचसं बंद आहे. पण पूर्ण नाही. 4 वर्षांखालच्या मुलांचा फोटो पालकांनी आणायचा असतो. बहुतेक देशांत ई-गेट लहान मुलांना घेतच नाहीत, ब्रिटनमध्येसुद्धा वयाची अट आहे, त्यामुळे त्याची मला फार चिंता नाही. चिंता आहे ती परदेशी राहणाऱ्या भारतीयांच्या अर्जांची. न्यू जर्सीत, दुबईत, सिडनीत राहणारे आपले लोक पासपोर्ट नवा करतात तेव्हा बहुतेक ठिकाणी फोटो त्यांनीच काढून द्यायचा असतो. पार्श्वभूमी पांढरी हवी, चेहरा एवढा हवा, असे नियम आहेत, पण फोटो कुणी, कुठे, कशाने काढला हे नियमाला दिसत नाही. घरी मोबाइलवर काढलेल्या फोटोत कॅमेरा न विचारता त्वचा गुळगुळीत करतो, जबडा बारीक करतो, डोळे मोठे करतो. आपल्याकडच्या स्टुडिओत "जरा उजळ करून देतो" म्हणणारे काका प्रेमानेच करतात ते, पण जबड्याची रेघ हलली की जुळवणीचे गुण हलतात. आणि ज्याला मुद्दाम मिश्रण करायचंय त्याला तर ही मोकळी वाट आहे. त्याच पुस्तिकेवर नाशिकला छापलेला तोच अशोकस्तंभ असतो आणि चिपवर तीच सही असते. वकिलातीच्या अर्ज केंद्रांत माणसाला ठसे किंवा कागद द्यायला बोलावतच असतील तर तिथे एक कॅमेरा, दोन दिवे आणि एक राखाडी किंवा पांढरा पडदा ठेवायला काय हरकत आहे? मला यात खर्चाचं कारण पटत नाही.

देशातल्या केंद्रांतली उणीव वेगळी आहे. फोटो थेट घेतला जातो, पण घेतलेला फोटो चांगला आहे का हे कोण ठरवतं? काउंटरवरच्या मुलीला मी दोष देत नाही. तिच्यावर दिवसाला किती टोकनं संपवायची याचं दडपण असतं, आणि वाईट फोटोचा फटका सात वर्षांनी, तिसऱ्याच देशात, दुसऱ्याच कुणाला बसणार असतो. तिच्यापर्यंत ती तक्रार कधीच पोचत नाही. ती साखळी जोडायला हवी. फोटो घेताक्षणी प्रकाश दोन्ही गालांवर सारखा आहे का, मान सरळ आहे का, डोळे पूर्ण उघडे आहेत का, याचे गुण संगणकाने तिथल्या तिथे दाखवावेत. अशी साधनं कधीपासूनच आहेत. गुण कमी पडले तर पुढचं पान उघडूच नये. आणि स्क्रीन अर्जदाराला दिसलीच पाहिजे, मागावी लागता कामा नये. डोक्यावर पदर घेणाऱ्या आजी, सावळ्या रंगाचे लोक, जाड चष्मेवाले यांना दिवा चुकीचा असला की सर्वांत आधी फटका बसतो. सावळ्या चेहऱ्यावर प्रकाश कमी पडला तर बारकावे काळ्यात बुडतात. दिव्यांची जागा केंद्राची इमारत बांधतानाच ठरलेली असावी, ट्यूबलाइट जिथे असेल तिथे खुर्ची, असं नको.

राहिला कटऑफ. अमेरिकेतल्या निस्ट या मानक संस्थेने डिसेंबर 2019 मध्ये एक मोठा अहवाल प्रसिद्ध केला. एकच कटऑफ सर्वांना लावला तर दुसऱ्याला चुकून "तोच" म्हणण्याचं प्रमाण वंशानुसार, वयानुसार, स्त्री-पुरुषांनुसार बदलतं, आणि कित्येक प्रणालींत हा फरक दहापट ते शंभरपट भरतो, असं त्यात दिसलं. पूर्व आशियाई आणि आफ्रिकी चेहऱ्यांवर बहुतेक यंत्रं जास्त गोंधळली, पूर्व युरोपीय चेहऱ्यांवर सर्वांत कमी. चीनमध्ये बनलेल्या काही प्रणालींत मात्र पूर्व आशियाई चेहऱ्यांबाबत हा गोंधळ दिसला नाही. याचा अर्थ सरळ आहे. यंत्र ज्यांच्यावर घडवलं त्यांच्यातले फरक ते बारकाईने बघतं. मग आपल्या विमानतळांवरच्या यंत्राचा कटऑफ कुणाच्या चेहऱ्यांवर ठरवला? कोल्हापूर, इंफाळ, लेह, कन्याकुमारी, एवढे नाना तऱ्हेचे चेहरे एका रांगेत उभे राहतात त्या देशात हा प्रश्न निविदेच्या कागदांत पुरून ठेवण्याजोगा नाही. कटऑफचा नेमका आकडा जाहीर करा असं मी म्हणत नाही, त्याने गुन्हेगारालाच मदत होईल. पण कोणत्या चुकीच्या प्रमाणासाठी तो ठरवला, आणि दर सहा महिन्यांत किती खरे प्रवासी अडले, त्यांचं वय काय, स्त्रिया किती, पासपोर्ट किती जुना, हे जाहीर करायला काय अडचण आहे? त्या आकड्यांवरून कोणत्या केंद्रातले फोटो वारंवार अडतात हेही उघड होईल, आणि काउंटरवरच्या त्या मुलीपर्यंत तक्रार पोचायची वाट तयार होईल.

आपल्याकडे सध्या जे ई-गेट आहेत ते फास्ट ट्रॅक इमिग्रेशन योजनेचे. दिल्लीत जून 2024 मध्ये आणि मुंबईसह आणखी सात विमानतळांवर जानेवारी 2025 मध्ये ते सुरू झाले. त्यासाठी आधी ऑनलाइन अर्ज करून चेहरा आणि बोटांचे ठसे वेगळे नोंदवावे लागतात. बहुतेकांच्या हातात चिपचा पासपोर्ट नव्हता तोवर हे समजण्यासारखं होतं. पूर्वतपासणी करायची तर अर्जही हवा, तेही मान्य. पण येत्या काही वर्षांत सरकारची डिजिटल सही असलेला फोटो प्रत्येकाच्या खिशात असेल. तेव्हाही चेहऱ्यांचा वेगळा साठा जमवत राहायचं कारण काय? गेटने चिपमधला फोटो वाचावा, जुळवावा आणि विसरून जावा. ते शक्य व्हायला चिपमधला फोटो विश्वासाचा हवा. तो तसा नसेल तर साठ्याची मागणी करणाऱ्यांना आयतंच कारण मिळतं, आणि खराब फोटोची भरपाई म्हणून आपण आपला चेहरा आणखी एका ठिकाणी ठेवून येतो.

आईचा पासपोर्ट दहा दिवसांनी पोस्टाने आला. मी तो खिडकीपाशी नेऊन पाहिला. दोन्ही भुवया टोकापर्यंत दिसत होत्या. मुदत 2035. आमच्या मागे रांगेत जे आजोबा होते, त्यांच्या चष्म्याच्या काचेत तीच ट्यूबलाइट चमकत होती. त्यांचा फोटो एकदाच काढला गेला.